अंकास कारण की

२०१९ च्या सप्टेंबरातली गोष्ट. निपाणीच्या बाजूचे एक निवृत्त गुरुजी सकाळच्या लाल बसनं बेळगावला माझ्या घरी आले. त्यांच्या गावातलं वाचनालय दर तीन महिन्यांनी सोळा पानांचं वार्तापत्र काढतं आणि गुरुजी त्याचे संपादक आहेत. मी बरीच वर्षं मराठी मजकुराच्या संपादनाचं काम केलं आहे, म्हणून अधूनमधून प्रुफं माझ्याकडे येतात. या वेळी मात्र पिशवीतून एकच कागद निघाला, मनोगताचा.

“ताई, बाकी अंक लागलाय. हे एवढं बघा. कुणी वाचत नाही म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“आमची मंडळीच म्हणते.”

वहिनी अंक हातात घेतात आणि थेट तिसरं पान उघडतात, हे गुरुजींनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली गेला होता. हा माणूस स्वतः वर्गणी गोळा करतो, सायकलवरून अंक वाटतो. त्याचं लिहिलेलं घरातच वाचलं जात नसेल तर ते लागणारच. मी कागद घेतला. तो असा सुरू होत होता:

“सर्वप्रथम, हा अंक आपल्या हाती पडण्यास विलंब झाल्याबद्दल आम्ही समस्त वाचकांची मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. काही अपरिहार्य कारणांमुळे व तांत्रिक अडचणींमुळे अंक वेळेवर काढणे शक्य झाले नाही. आजच्या धकाधकीच्या व मोबाईलच्या युगात वाचनसंस्कृती लोप पावत चालली असताना हा अंक आपणांस सादर करताना आम्हांस अत्यानंद होत आहे. अंक परिपूर्ण आहे असा आमचा दावा नाही. तथापि फूल ना फुलाची पाकळी म्हणून तो गोड मानून घ्यावा. प्रस्तुत अंकात लेख, कविता, मुलाखत असे वैविध्यपूर्ण साहित्य समाविष्ट केले आहे.”

त्यापुढे ज्ञात-अज्ञात हातांचे आभार होते आणि शेवटी, मुद्रणदोष राहिले असल्यास सुज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे, अशी विनंती.

मी पेन्सिल घेतली. अशा मजकुराला मी एकच प्रश्न लावते. हे वाक्य उचलून मागच्या वर्षीच्या अंकात किंवा शेजारच्या गावच्या अंकात ठेवलं तर कुणाच्या लक्षात येईल का? येणार नसेल तर त्याच्याखाली रेघ. गुरुजींसमोर बसून मी वाक्यामागून वाक्याखाली रेघ ओढत गेले. कागदभर रेघा झाल्या आणि एकच शब्द मोकळा राहिला, “मुलाखत”. कविता आणि लेख प्रत्येक अंकात असतात. मुलाखत याच अंकात होती.

“कुणाची मुलाखत?” मी विचारलं.

“आहे एक आक्का. वखारीत होत्या. चाळीस वर्षं.”

आणि हे मनोगतात एका शब्दात, तेही स्वल्पविरामांच्या मध्ये.

गुरुजी थोडे दुखावले. म्हणाले, “आपल्याकडे आधी नमन लागतं, ताई. कीर्तनकारसुद्धा एकदम आख्यानाला हात घालत नाही. ज्ञानेश्वर माउलींनी श्रोत्यांपुढे किती लीनता धरली! आम्ही कोण?”

हा मुद्दा मी हलका मानत नाही. लीनता आपल्या लेखनाच्या रक्तात आहे आणि ती चांगली गोष्ट आहे. पण कीर्तनात श्रोता येऊन बसलेला असतो, टाळ-मृदंग चालू असतो, नमनालाही चाल असते. वार्तापत्राचा वाचक अजून बसलेला नाही. तो दारात उभा आहे, एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात दुधाची पिशवी. पहिल्या दोन वाक्यांत त्याला काही दिसलं तर तो टेकेल, नाहीतर अंक टीव्हीवर जाऊन पडेल.

शिवाय मुद्द्यावर लगेच येण्याची रीतही आपलीच आहे. पोस्टकार्डावर जागा कमी, म्हणून आपली माणसं साष्टांग नमस्कार एका ओळीत उरकून लिहायची, “पत्रास कारण की”. या तीन शब्दांनंतर जे यायचं ते खरं असायचं. म्हैस व्यालेली, पोरगी बघायला येणार असलेली, नाहीतर पैशाची निकड. मी गुरुजींना म्हटलं, कोऱ्या कागदावर “अंकास कारण की” लिहा आणि वाक्य पुरं करा. जमलं की ते तीन शब्द खोडून टाका. उरेल ती सुरुवात.

त्यांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, “अंकास कारण की सीमाभागात मराठी टिकली पाहिजे.”

या वाक्यापाशी मला थांबावं लागलं. इथल्या मनोगतांना माफीची एवढी सवय का लागली, याचं उत्तर त्यात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथं मराठीत काही छापायचं म्हणजे आपण का छापतो हे आधी सांगायचं, असं होऊन बसलं आहे. कडोली, उचगाव, कारदगा अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, लोक पदरमोड करून अंक काढतात, आणि प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर आपल्या असण्याची कैफियत मांडतात. प्रतिकूल परिस्थिती, अपुरी साधनं, तरीही हा अल्पसा प्रयत्न. भावना शंभर टक्के खरी आहे. भाषाही म्हणूनच अशी जड होते, “विलंब”, “प्रस्तुत”, “समाविष्ट”. छापलेली मराठी जरीकाठी असली म्हणजे तिला मान मिळेल, असं आपल्याला वाटतं. पण ज्याच्या हातात अंक आहे तो मराठीच वाचतो आहे. मराठी का टिकावी हे त्याला पटवायचं नाही. या मराठीत आज काय वाचायला मिळणार, एवढंच त्याला कळायला हवं.

याच भागातलं एक जुनं उदाहरण मी त्यांना दिलं. किर्लोस्करांचा उद्योग बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झाला. पुढं कारखाना किर्लोस्करवाडीला गेला आणि तिथून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी “किर्लोस्कर खबर” काढलं. मुळात ते कारखान्याचं वार्तापत्र. त्यातूनच “किर्लोस्कर” मासिक उभं राहिलं आणि मराठी घराघरांत गेलं. कारखान्याची खबर वाचलीच पाहिजे, असं कुणावर बंधन नव्हतं. वार्तापत्राचा वाचक असाच मिळवावा लागतो.

त्यानंतर मी स्वतः एक चूक केली.

गुरुजी चहा घेत होते तेवढ्यात त्यांच्या मनोगताची सुरुवात मीच लिहून टाकली: “निपाणीच्या वखारींत धूळ नव्हती, इतिहास होता.” लिहिताना फार बरं वाटलं. वाक्य ठसठशीत होतं, वाचक थांबेल याची खात्री होती. गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि कागद हळूच माझ्याकडे सरकवला.

“वाक्य छान आहे, ताई. पण आक्का म्हणतील, धूळ नव्हती असं कोण म्हणतं? चाळीस वर्षं मी तीच खाल्ली.”

ते बरोबर बोलत होते. विडीचा तंबाखू वखारीत कुटायचा, चाळायचा, तेव्हा बाया नाकातोंडाला फडकं बांधून बसायच्या, कारण धुळीनं समोरचं दिसायचं नाही. इतिहास म्हणाल तर तो माझ्या शब्दाची वाट बघत बसलेला नव्हता. निपाणीच्या या बायांवर आणि त्यांच्या संघटनेवर युगांतर गटानं १९८२ मध्येच माहितीपट केला होता. त्याच्या आदल्याच वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले होते. माझ्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं, होता तो फक्त डौल. शिळ्या माफीच्या जागी खोटी चमक आणून ठेवली तर वाचक एकदा फसेल आणि पुढच्या अंकाला पहिल्या पानावर विश्वास ठेवणार नाही. दुसरं म्हणजे ते वाक्य माझं होतं. गावात ज्यांनी गुरुजींना वर्षानुवर्षं ऐकलं आहे त्यांनी ते लगेच ओळखलं असतं. संपादकाचं मनोगत दुरुस्त करताना संपादकाचा आवाजच बदलला, तर ती दुरुस्ती नव्हे.

मी कागद बाजूला ठेवला आणि नुसतं विचारलं, “आक्कांच्या घरून परत आलात, त्या संध्याकाळी वहिनींना काय सांगितलंत?”

गुरुजी लगेच बोलले, विचार न करता. “मी सांगितलं, अगं, आक्का बाहेरून आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. पदर झटकला. मग आत आल्या. काम सुटून पंधरा वर्षं झाली गं, अजून झटकतात. पोरं लहान होती तेव्हा तंबाखूनं ठसकायची, म्हणून लागलेली सवय.”

खोलीत आम्ही दोघंच होतो आणि दोघंही जरा वेळ गप्प बसलो.

“हे मुलाखतीत आहे?”

“नाही. ते मी बघितलं. मुलाखतीत त्यांनी सांगितलं तेवढंच आहे.”

मनोगतात संपादकानं काय लिहायचं, ते मला त्या दिवशी गुरुजींकडून नीट उमगलं. मुलाखतीतलं गाजणारं वाक्य उचलून पहिल्या पानावर आणलं तर मुलाखत तिथंच उतरते आणि वाचक पान चारवर पोचेपर्यंत ती शिळी होते. पण अंक तयार करताना संपादकाच्या नजरेला जे पडलं आणि अंकात दुसरीकडे कुठंच आलं नाही, ते त्याचं स्वतःचं. त्यानं मुलाखत फुटत नाही, उलट तिची ओढ लागते. पदर झटकणारी ही बाई कोण, हे बघायला वाचक आपणहून पान उलटतो. म्हणून मनोगत लिहून घेण्यापेक्षा आधी बोलून घ्यावं. माणूस घरी जे सांगतो त्यात “प्रस्तुत” आणि “समाविष्ट” येत नाहीत.

मात्र बघितलेली गोष्ट छापण्याआधी ज्याची आहे त्याला विचारलं पाहिजे. एका बाईच्या घरातली, तिच्या सवयीची गोष्ट आहे ती. गुरुजी दुसऱ्या दिवशी आक्कांकडे गेले. आक्का म्हणाल्या, “लिव्हा की, त्यात काय लपवायचं?” आणि वर दुरुस्तीही सांगितली. पदर एकदा नाही, दोनदा झटकायचा. एकदा डोक्यावरचा, एकदा खांद्यावरचा. घाईत लिहिलं असतं तर “दोनदा” हा शब्द आला नसता.

आता पुढचा प्रश्न होता बाकीच्या अंकाचा. इथं बहुतेक मनोगतं अनुक्रमणिका वाचायला लागतात, अमुकांचा लेख, तमुकांची कविता, यांचे परीक्षण. कुणी राहून जाऊन रागावू नये म्हणून सगळ्यांची नावं घेतली जातात आणि वाचकाच्या मनात एकही राहत नाही. अनुक्रमणिका दुसऱ्या पानावर आहेच. मी गुरुजींना म्हटलं, पदरानंतर फक्त एकाच मजकुराकडे जायचं, पण उंबऱ्यावरूनच जायचं. कोणता मजकूर?

त्यांना तो लगेच सापडला. ऑगस्टमध्ये वेदगंगेला पूर आला होता, यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला होता. त्यांच्या वाचनालयातही पाणी शिरलं आणि खालच्या फळीवरची सत्तर पुस्तकं भिजली. शाळेतल्या मुलांनी पानांमध्ये कोरे कागद घालून, दर काही तासांनी ते बदलून, पंख्याखाली पुस्तकं वाळवली. उन्हात टाकली असती तर पानं आखडली असती आणि वर्तमानपत्राचा कागद घातला असता तर शाई उतरली असती. हे सगळं एका शिक्षकानं पान नऊवर लिहिलं होतं. धूळ उंबऱ्याशी थांबवता येते, पाणी थांबवता येत नाही. दुवा जोडावा लागला नाही, तो अंकात होताच.

आणि मग मला दिसलं की माफीसुद्धा इथंच दडली आहे. “अपरिहार्य कारणांमुळे” म्हणजे काय, मी विचारलं. गुरुजी म्हणाले, “कोल्हापूरच्या छापखान्यात पाणी होतं की!” ज्या पुरानं त्यांची पुस्तकं भिजली त्यानंच अंकही अडवला होता. वाचक स्वतः त्या पुरातून गेलेला होता, त्याच्या घरातला गाळ कदाचित अजून निघाला नव्हता, आणि आपण त्याला “तांत्रिक अडचणी” म्हणून सांगत होतो. खरं कारण मोघम शब्दात गुंडाळलं की ते बहाण्यासारखं दिसतं. तेच साध्या शब्दांत सांगितलं की ती माहिती होते, आणि माहितीला दिलगिरीची वेगळी गरज राहत नाही.

गुरुजींना पुढच्या अंकाचं वचनही द्यायचं होतं, “यापुढे अंक वेळेवर देण्याचा प्रयत्न करू”. मी तारीख मागितली. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती, छापखाना अजून सुकत होता. दिवाळीआधी जमणार नाही, असं त्यांनीच मान्य केलं. मग जमेल तोच आठवडा लिहिला.

मनोगत शेवटी असं झालं. शब्द जवळजवळ सगळे गुरुजींचे आहेत, मी फक्त क्रम लावला:

“आमच्या गावातल्या एक आक्का आजही घरात शिरण्याआधी उंबऱ्याशी थांबतात, पदर दोनदा झटकतात आणि मग आत पाऊल टाकतात. वखारीतलं काम सुटून पंधरा वर्षं झाली. तंबाखूच्या धुळीनं पोरं ठसकू नयेत म्हणून लागलेली ही सवय. त्या वखारीत चाळीस वर्षं कशी गेली, हे आक्का पान चारवर स्वतः सांगतात.

या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी मात्र कुणाच्याच उंबऱ्याशी थांबलं नाही. आपल्या वाचनालयातली सत्तर पुस्तकं भिजली. आठवी-नववीच्या मुलांनी ती कशी वाळवली आणि कोणती वाचवता आली नाहीत, ते पान नऊवर आहे. कोल्हापूरच्या आपल्या छापखान्यातही पाणी होतं, म्हणून हा अंक तुम्हाला आता मिळतो आहे. दिवाळीचा अंक नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात देतो.”

पूर्वी मनोगत पानभर होतं, आता अर्धं पान झालं. आभार शेवटच्या पानावर वर्गणीदारांच्या यादीशेजारी गेले. ज्यांची नावं असतात ते ती तिथं शोधतातच.

एक वाक्य मात्र उरलं होतं, मुद्रणदोष सांभाळून घेण्याचं. ते खोडणार इतक्यात मी सहज विचारलं, “मागच्या अंकात काही राहिलं होतं का?”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मागच्या अंकात पान सहावर दहावीतल्या एका मुलाची कविता होती. पान जुळवताना तिच्या शेवटच्या दोन ओळी गळल्या. मुलाची पहिलीच छापलेली कविता. तो येऊन काही बोलला नव्हता, पण त्यानंतर वाचनालयातही दिसला नव्हता. गुरुजींना ते तेव्हापासून खात होतं आणि ते म्हणूनच “सुज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे” असं लिहीत होते.

समस्त वाचकांची मागितलेली ती माफी खरं तर एकाच वाचकाची होती आणि त्याच्यापर्यंत ती पोचणारच नव्हती. माफी जिथं मागायला हवी तिथं ती टाळायची नाही, पण ती नेमकी मागायची. काय चुकलं, कुठं चुकलं, बरोबर काय आणि ते आता कुठं मिळेल. पहिल्या पानावर ती नको, कारण तिथं ती बाकीच्या वाचकांना काहीच सांगत नाही आणि त्या मुलाला गर्दीत उभं करते. आम्ही चौकट केली:

“दुरुस्ती. मागील अंकात पान सहावरील कवितेच्या शेवटच्या दोन ओळी आमच्या चुकीने छापायच्या राहिल्या. कवीची आम्ही क्षमा मागतो. ती कविता खाली पूर्ण देत आहोत.”

सोळा पानं भरलेली होती. गुरुजींनी पान चौदावरचा स्वतःचा लेख काढला आणि चौकट तिथं लावली. अंक सप्टेंबरच्या अखेरीस निघाला. पहिली प्रत घेऊन ते त्या मुलाच्या घरी गेले. पान चौदावर कविता पूर्ण होती, शेवटच्या दोन ओळींसह.